आकाशदर्शनाचं निमंत्रण: पालकांना पत्र लिहिण्याआधी काय ठरवायचं आणि पत्रात काय लिहायचं

शाळेच्या आकाशदर्शनाचं निमंत्रण बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकलेलं असतं. येत्या शनिवारी सायंकाळी सात वाजता मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम आयोजित केला आहे, पालकांनी पाल्यासह उपस्थित राहावे. यातून पालकाला जवळजवळ काहीच कळत नाही. दिसणार काय, थांबायचं किती वेळ, ढग आले तर काय, धाकट्याला आणायचं का, चष्मा असेल तर दुर्बिणीतून दिसेल का? मग हे प्रश्न शिक्षकाच्या फोनवर येतात आणि उत्तरं एकेकाला द्यावी लागतात.

असं होतं कारण पत्र लिहायला बसताना बऱ्याच गोष्टी ठरलेल्याच नसतात. म्हणून हा लेख पत्राच्या मायन्यापासून सुरू होत नाही. आधी तारीख, मग वेळ, मग माणसांचा हिशेब आणि शेवटी मजकूर. उदाहरणासाठी सातवीचा एक वर्ग घेतो: ३६ मुलं, साध्या स्टँडवरच्या १५० मिलिमीटर व्यासाच्या दोन परावर्तक दुर्बिणी आणि फेब्रुवारी २०२७ मधली एक संध्याकाळ.

तारीख: वार नंतर, तिथी आधी

आपण कॅलेंडरवर सोयीचा शनिवार शोधतो. शनिवार हवाच, पण तो चंद्राला विचारून. पालकांसाठीचा पहिला कार्यक्रम शुक्ल पक्षातल्या पंचमी ते नवमीच्या दरम्यान घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा चंद्र सूर्यास्तालाच आकाशात वर असतो. प्रकाश आणि अंधाराची सीमारेषा त्याच्या तबकडीच्या मध्याच्या आसपास असते आणि त्या रेषेजवळ ऊन तिरपं पडल्यामुळे विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात. दुर्बिणीला डोळा लावल्यावर माणूस ‘अरे!’ म्हणतो तो या सावल्यांमुळे. पौर्णिमेला हीच विवरं समोरून उजळतात, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. अमावस्येजवळची रात्र तेजोमेघ आणि आकाशगंगेसाठी उत्तम, पण शहराच्या प्रकाशात उभ्या असलेल्या नवख्या पालकाला त्या रात्री दाखवण्यासारखं फारसं उरत नाही.

आता आपलं उदाहरण. ६ फेब्रुवारी २०२७ ला अमावस्या आहे, त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहणही आहे. १३ फेब्रुवारीला शनिवार येतो. त्या संध्याकाळी चंद्र सुमारे सात दिवसांचा, म्हणजे सप्तमीच्या आसपासचा, अर्ध्याला थोडा कमी. आपल्याला हवा तसाच.

खरी गोची पर्यायी तारखेत होते. ढग आले तर पुढच्या शनिवारी, असं हात आपोआप लिहून जातो. पुढचा शनिवार २० फेब्रुवारीचा, आणि तेव्हा पौर्णिमा आहे. म्हणजे ढगांमुळे पुढे ढकललेला कार्यक्रम तुम्ही स्वतःच निम्मा फुकट घालवणार. पर्याय एकतर दुसऱ्याच दिवशीचा, रविवार १४ फेब्रुवारी, किंवा थेट चार आठवड्यांनी, १३ मार्चचा ठेवावा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास असतो आणि चार आठवडे २८ दिवसांचे. त्यामुळे १३ मार्चला चंद्र दीड-दोन दिवसांनी कोवळा, साधारण पाच दिवसांचा असेल. तोही छान दिसतो, फक्त लवकर मावळतो. पत्रात हे दोन्ही पर्याय लिहून टाका.

त्या संध्याकाळी काय दिसेल, आणि काय दिसतं असं म्हणू नये

तारीख नक्की झाली की स्टेलेरियमसारख्या ॲपमध्ये ती तारीख, वेळ आणि आपलं ठिकाण टाकून आकाश बघा. १३ फेब्रुवारीला काय सापडतं? चंद्र बराच उंच, पश्चिमेकडे कललेला. पूर्वेला गुरू: त्याची प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणं, नुकतीच, दोन-तीन दिवसांपूर्वी झालेली; त्यामुळे तो जवळपास सूर्यास्तालाच उगवतो आणि वर्षातला सर्वांत तेजस्वी असतो. त्याच्यामागून काही वेळाने मंगळ, कारण त्याची प्रतियुती १९ फेब्रुवारीला आहे. दोघेही सिंह राशीत. दक्षिणेकडे मृग नक्षत्र आणि व्याध. शनी पश्चिमेला उतरत चाललेला. शुक्र मात्र त्या दिवसांत पहाटेचा, त्यामुळे तो यादीतून बाद.

यातलं सगळं पत्रात लिहू नका. दुर्बिणीतून दोन गोष्टी कबूल करा, चंद्र आणि गुरू. नुसत्या डोळ्यांनी आणखी दोन-तीन. शनीचं नाव काढलं की पालकांच्या डोळ्यांपुढे यानांनी काढलेली छायाचित्रं येतात. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याकडे कड करून होती आणि त्यानंतर ती हळूहळू उघडत आहेत. फेब्रुवारी २०२७ मध्येही ती अजून फार उघडलेली नसतील. मुलांना दाखवायला वेळ मिळाला तर जरूर दाखवा, पण निमंत्रणात शनी नको.

अपेक्षा आधीच जमिनीवर आणणारं एक वाक्य पत्रात हवंच. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की ४८ पट वर्धन मिळतं. गुरू तेव्हा सुमारे ४५ विकलांचा, म्हणजे अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढा; त्यामुळे नेत्रिकेत तो साधारण नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो तेवढा दिसायला हवा. हिशेबाने दिसतोही. तरीही काळ्या पार्श्वभूमीवर एकटा असल्यामुळे बघणारा म्हणतो, ‘एवढुसाच?’ त्याला आधी सांगितलं असेल की गुरू लहान दिसेल, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत तीन-चार ठिपके शोधा, ते त्याचे चंद्र आहेत, तर तोच माणूस ठिपके मोजायला लागतो. आकडा तीन-चार असाच लिहा. एखादा चंद्र गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असू शकतो आणि मग चारांचं वचन खोटं पडतं.

वेळ आणि रांग

बहुतेक कार्यक्रम इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

३६ मुलं, प्रत्येकाबरोबर किमान एक मोठं माणूस, काहींबरोबर दोन, शिवाय भावंडं. ९० माणसं धरून चाला. एका माणसाला दुर्बिणीजवळ यायला, एक डोळा मिटून दुसरा नेत्रिकेवर नेमका आणायला, ‘काहीच दिसत नाही’ पासून ‘हो हो, दिसलं’ पर्यंत पोचायला आणि बाजूला व्हायला एक मिनिट लागतं. घाई केली तर लोक न बघताच ‘दिसलं’ म्हणून पुढे सरकतात. म्हणजे एका दुर्बिणीतून ९० जणांना एकटा चंद्र दाखवायला दीड तास. गुरूसाठी आणखी दीड तास. शेवटच्या माणसाचा नंबर येईपर्यंत पहिला घरी जाऊन झोपलेला असेल.

त्यात पृथ्वी फिरत असते. आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. ४८ पटींच्या नेत्रिकेत साधारण एक अंश आकाश दिसतं, म्हणजे एका काठाकडून दुसऱ्या काठापर्यंत जायला वस्तूला चार मिनिटं लागतात. दर दोन-तीन माणसांनी दुर्बीण पुन्हा नेमावी लागते. १० मिलिमीटरची नेत्रिका लावून वर्धन १२० पट केलं की हीच चार मिनिटं दोनाच्याही खाली येतात आणि प्रत्येक माणसाआधी हात लावावा लागतो. रांगेसाठी कमी वर्धनच बरं. शिवाय ४८ पटींत पूर्ण चंद्र एकाच चौकटीत मावतो.

म्हणून दोन तुकड्या करा, प्रत्येकी ४५ जणांची. आणि एक दुर्बीण चंद्रावर, दुसरी गुरूवर अशी वाटणी करू नका. दोन्ही आधी चंद्रावर, मग दोन्ही गुरूवर लावा. तसं केलं की ४५ जणांना एक वस्तू बघायला तेवीस मिनिटं पुरतात. दुसरा फायदा गुरूच्या उंचीचा. सूर्यास्त साडेसहाला धरला तर सव्वासातला गुरू पूर्वेला खूप खाली असतो, तिथे हवेचा थर जाड असतो आणि प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. पावणेआठनंतर तो वीस अंशांच्या आसपास येतो. चंद्र आधी घेतल्याने गुरूला वर चढायला तेवढा वेळ मिळतो.

तर वेळापत्रक असं ठरलं: पहिली तुकडी ७.१५ ते ८.१५, दुसरी ८.१५ ते ९.१५. पहिल्या तुकडीच्या सुरुवातीला संधिप्रकाश पूर्ण गेलेला नसतो; उष्ण कटिबंधात सूर्यास्तानंतर पूर्ण काळोख व्हायला साधारण सव्वा तास लागतो, विषुववृत्तापासून दूर जाल तसा आणखी जास्त. पण चंद्राला त्याने काहीच फरक पडत नाही. सूर्यास्ताची वेळ तुमच्या गावाची घ्या आणि सगळं पुढेमागे सरकवा.

पत्र छापायला देण्याआधी एक संध्याकाळ त्याच मैदानावर उभं राहणं मात्र चुकवू नका. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. पूर्व क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी ठेवा. त्याच्या वर इमारत किंवा झाड येत असेल तर पावणेआठला गुरू दिसणार नाही आणि वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी लागेल. मैदानातले दिवे कोणाच्या ताब्यात आहेत, बटण कुठे आहे, कोण बंद करणार, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

मजकूर

आता लिहायला काही अडचण नाही. पत्र एका पानात बसावं, नाहीतर ते दप्तरातच राहतं. वरच्या उदाहरणाचं पत्र मी असं लिहीन:

> दिनांक: २९ जानेवारी २०२७
>
> प्रति,
> इयत्ता सातवीचे पालक
>
> विषय: १३ फेब्रुवारीच्या आकाशदर्शनाचे निमंत्रण
>
> सप्रेम नमस्कार,
>
> शनिवार, १३ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आपण मुलांसोबत आकाशदर्शन करणार आहोत. दोन दुर्बिणींमधून चंद्रावरची विवरे आणि गुरू ग्रह पाहायला मिळेल. नुसत्या डोळ्यांनी मंगळ, मृग नक्षत्र आणि व्याध कसे ओळखायचे, ते मुले तुम्हाला दाखवतील.
>
> गर्दी टाळण्यासाठी दोन तुकड्या केल्या आहेत: पहिली ७.१५ ते ८.१५ आणि दुसरी ८.१५ ते ९.१५. खालच्या चिठ्ठीत सोयीची तुकडी आणि येणाऱ्यांची संख्या लिहून ती शुक्रवार, ५ फेब्रुवारीपर्यंत मुलाबरोबर पाठवावी. तुमची तुकडी आम्ही ८ तारखेला कळवू. प्रत्येक मुलासोबत घरातील एक मोठी व्यक्ती पूर्ण वेळ असणे आवश्यक आहे. लहान भावंडे आली तर चालेल. त्यांच्यासाठी दुर्बिणीपाशी स्टूल ठेवले आहे. ज्यांना दुर्बिणीपाशी उभे राहणे अवघड आहे त्यांनी चिठ्ठीत तसे लिहावे, त्यांच्यासाठी खुर्चीत बसून पाहता येईल अशी बायनॉक्युलर स्टँडवर लावली आहे.
>
> दुर्बिणीतले दृश्य छायाचित्रातल्यासारखे रंगीत आणि मोठे नसते. गुरू लहान दिसेल, पण त्याच्या बाजूला ओळीत दिसणारे तीन-चार ठिपके म्हणजे त्याचे चंद्र आहेत, ते अवश्य शोधा.
>
> चष्मा असेल तर आणावा. मैदानात अंधार असेल, म्हणून बंद बूट घालावेत. मोबाइलचा टॉर्च आणि लेसर वापरू नये. दुर्बिणीतून चंद्राचा फोटो घ्यायचा असल्यास प्रत्येक तुकडीची शेवटची दहा मिनिटे त्यासाठी ठेवली आहेत. गाड्या फाटकाबाहेर लावाव्यात.
>
> ढगाळ हवामान असल्यास त्याच दिवशी दुपारी ४ वाजेपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर निरोप येईल. तसे झाल्यास कार्यक्रम रविवार, १४ फेब्रुवारीला त्याच वेळी होईल आणि तेव्हाही ढग असल्यास शनिवार, १३ मार्चला.
>
> आपली,
> विज्ञान शिक्षिका, इयत्ता सातवी
>
> ✂ - - - - - - - - - - - - - - - - - -
> विद्यार्थ्याचे नाव: ________ एकूण येणार: मोठे ___ लहान ___
> तुकडी: पहिली / दुसरी / कोणतीही
> परतताना मुलाला घेऊन जाणारी व्यक्ती: ________
> काही विशेष गरज: ________ पालकांची सही: ________

दोन-तीन ओळींमागची कारणं सांगतो, म्हणजे त्या तुमच्या सोयीप्रमाणे बदलता येतील.

चष्म्याची ओळ वगळू नका. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्याने चष्मा काढला तरी चालतं, फोकस थोडा फिरवला की तो नंबर भरून निघतो. सिलिंडर नंबर असलेल्याला मात्र चष्मा लागतो, फोकसने तो दोष जात नाही, तारे एका बाजूला ओढल्यासारखे दिसतात. पत्रात एवढं समजावत बसू नये. चष्मा आणावा, एवढंच पुरे. दुर्बिणीपाशी उभ्या मुलाला मात्र हे शिकवून ठेवा. ‘मला धूसर दिसतंय’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न चष्म्याचा.

टॉर्चबद्दल पत्रांमध्ये बरंच काही लिहिलेलं सापडतं, लाल कागद लावा, अर्धा तास आधी या वगैरे. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि लाल प्रकाशाने ते कमी बिघडतं, हे खरंच. पण डोक्यावर अर्धा चंद्र आणि बघायला चंद्र-गुरू असताना त्याची फारशी गरज नाही. इथे टॉर्च नको तो रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांवर झोत येतो म्हणून. पालकांना नियम जितके कमी तितके ते पाळले जातात. लेसर मात्र स्पष्ट शब्दांत नाकारा. तो शिक्षकाच्या हातात असला तरी विमानाच्या दिशेने आणि माणसांच्या उंचीवर कधीच धरायचा नसतो, गर्दीत मुलांच्या हातात तर मुळीच नको.

फोटोंची वेगळी दहा मिनिटं हाही रांगेचाच हिशेब आहे. नेत्रिकेवर मोबाइल नेमका धरायला एकेका माणसाला चार-पाच मिनिटं सहज जातात. मनाई केली तर कुरकुर होते. राखून ठेवलेला वेळ दिला की लोक थांबतात आणि ज्यांना घाई असते ते आनंदाने निघून जातात. मोबाइल धरायचा साधा क्लॅम्प दुर्बिणीला लावून ठेवला तर ही दहा मिनिटं पुरतात.

चिठ्ठीत ‘कोणतीही’ हा पर्याय मुद्दाम आहे. बहुतेक पालक पहिली तुकडी मागतात, लहान मुलं लवकर झोपतात म्हणून. ‘कोणतीही’ लिहिलेल्यांना दुसरीत टाकून समतोल साधता येतो. समजा चिठ्ठ्या आल्या आणि पहिलीत ५५, दुसरीत २२, कोणतीहीत १३ जण निघाले. तेरा दुसरीत गेले तरी ५५ आणि ३५. मग पहिलीतल्या, लहान भावंडं नसलेल्या दोन-तीन घरांना फोन करून विचारा, आणि तोपर्यंत ८ तारखेचा निरोप थांबवा.

दुपारी चारचा निर्णय

हा निर्णय मुख्याध्यापक, पालक आणि हवामान यांच्यामध्ये लटकू देऊ नका. पत्रात वेळ लिहिली आहे, ती पाळा. दुपारी आकाशात पांढरे, विरळ, पिंजलेले उंच ढग असतील आणि त्यातून सूर्याची गोल तबकडी स्पष्ट कळत असेल (नुसत्या डोळ्यांनी त्याकडे टक लावायची नाही, जमिनीवर सावली ठळक पडते का ते पाहायचं), तर चंद्र आणि गुरू दिसतील, कार्यक्रम घ्या. सावलीच पडत नसेल आणि उपग्रह-चित्रात पश्चिमेकडून ढगांचा सलग पट्टा येताना दिसत असेल तर रद्द करा. मधल्या परिस्थितीत, म्हणजे सुटे पांढरे ढग येत-जात असतील तर, मी कार्यक्रम घेण्याच्या बाजूने असतो. असे ढग बऱ्याचदा सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते तसे विरतात.

दुर्बिणी संध्याकाळी उजेडातच मांडाव्या लागतात. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत त्यांची झाकणं लावून ठेवा, नेम धरायच्या छोट्या शोधक दुर्बिणीचंसुद्धा, आणि एक मोठा माणूस तिथेच उभा करा. कुतूहलाने आलेल्या मुलाने दुर्बीण मावळत्या सूर्याकडे वळवली तर डोळ्याची इजा क्षणात आणि कायमची होते. पालक वेळेआधी येणार हे गृहीतच धरा. फाटक सातला उघडा, त्याआधी नको.

रद्द करण्याचा निरोप आधीच लिहून ठेवावा, कारण चार वाजता तुम्ही वैतागलेले असता: ‘आजचे आकाशदर्शन ढगांमुळे रद्द. उद्या, रविवार १४ फेब्रुवारीला त्याच तुकड्या, त्याच वेळा. उद्या येणे शक्य नसल्यास या निरोपाला फक्त मुलाचे नाव लिहून उत्तर द्यावे.’ रविवारी चंद्र आणखी बारा-तेरा अंश पूर्वेला सरकलेला असेल आणि साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळेल. अष्टमीचा चंद्र, त्यामुळे वेळापत्रकात काहीही बदलावं लागत नाही. फक्त सावलीची रेषा पुढे गेल्याने काल काठावर असलेली विवरं आज उजेडात आलेली असतील. शनिवारसाठी मुलांना जी विवरं शिकवून ठेवली होती, त्यांची यादी रविवारी दुपारी एकदा नव्याने तपासून घ्या.